जुना टीव्ही घेताना: दोष पॅनेलात, दिव्यात की बोर्डात?

बेळगावात वापरलेला टीव्ही बहुतेक तीन ठिकाणांहून हाती लागतो. बदली झाली की कॅम्प भागातली लष्करी कुटुंबं सामान हलकं करतात, शेवटची परीक्षा झाली की कॉलेजची पोरं खोल्या रिकाम्या करतात, आणि रिपेअरीच्या दुकानांत दुरुस्त होऊन पडलेले टीव्ही असतातच. पहिल्या दोन ठिकाणी विकणाऱ्याला घाई असते, त्यामुळे भाव बरा मिळतो. तिसऱ्या ठिकाणी तो टीव्ही आधी कशामुळे बंद पडला होता, हे विचारून घ्यावं लागतं.

कुठूनही घ्या, एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो त्यात मोडण्यासारखे तीन भाग असतात. पुढे चित्र दाखवणारं पॅनेल, त्याच्यामागे उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या म्हणजे बॅकलाइट, आणि वायरी जिथे जोडायच्या तो बोर्ड. पट्ट्या बदलता येतात, बोर्डही बदलता येतो. पॅनेल बदलायचं म्हटलं तर खर्च जवळपास नव्या टीव्हीच्या घरात जातो, म्हणून ते कोणी बदलत नाही. तेव्हा सगळ्या तपासणीचा उद्देश एकच: दिसतोय तो दोष या तिघांपैकी कुणाचा? पॅनेलचा मोठा दोष असेल तर नमस्कार करून परत फिरा. बाकी दोन्हींसाठी घासाघीस करता येते.

घरून काय न्यायचं

एक पेनड्राइव्ह, एक चालू असल्याची खात्री असलेली एचडीएमआय केबल, लॅपटॉप किंवा घरचा सेट टॉप बॉक्स, वायरवाला इअरफोन आणि टॉर्च. विकणाऱ्याची केबल वापरू नका. चित्र आलं नाही तर दोष केबलचा की पोर्टचा, यावर वाद होतो आणि तो वाद तुम्ही जिंकत नाही.

पेनड्राइव्हवर एकाच रंगाने भरलेली सात चित्रं टाका: काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं, मधला करडा आणि अगदी गडद करडा. कॉम्प्युटरवरच्या पेंटमध्ये 1920 बाय 1080 आकाराचं पान उघडून बादलीने रंग ओतला की झालं. मधल्या करड्यासाठी तिन्ही रंगांचे आकडे 128 ठेवा, गडद करड्यासाठी 13. काळ्या चित्रात एका कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढा पांढरा ठिपका काढून ठेवा. तो कशासाठी, ते पुढे येईलच. चित्रं जेपीजी प्रकारात जतन करा, कारण पेनड्राइव्हवरची जेपीजी जवळपास सगळे टीव्ही उघडतात. पेनड्राइव्ह FAT32 मध्ये फॉरमॅट केलेला असावा, नाहीतर काही जुने टीव्ही त्याला ओळखत नाहीत.

फोनवर बोलताना मॉडेल नंबर मागून घ्या. तो टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो, त्याचा फोटोच मागवा. बनावटीचा महिना-वर्षही बहुधा तिथेच असतं, त्यामुळे "दोनच वर्षं झाली हो" हे खरं की खोटं ते घरबसल्या कळतं. तोच नंबर ओळखीच्या मेकॅनिकला सांगून या मॉडेलच्या पट्ट्या आणि बोर्ड मिळतात का आणि कितीला, हे आधीच विचारून ठेवा. नंतर भाव पाडताना हे दोन आकडे कामाला येतात.

आणखी एक सांगायचं: "मी येईपर्यंत टीव्ही लावू नका." दोन दोष असे आहेत की ते फक्त थंड टीव्ही चालू होतानाच दिसतात. एक म्हणजे पॉवर सप्लायमधले कपॅसिटर थकलेले असणं. असा टीव्ही चालू व्हायला दोन-तीनदा लुकलुकतो, पण एकदा तापला की शहाण्यासारखा चालतो. दुसरा दोष म्हणजे पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या पातळ फितींचे सुटू लागलेले जोड. त्यामुळे सुरुवातीची पाच मिनिटं उभी रेघ दिसते आणि नंतर नाहीशी होते. तुम्ही गेलात तेव्हा टीव्ही आधीच चालू असेल आणि पाठीला हात लावल्यावर कोमट लागत असेल, तर बंद करायला सांगा आणि चहा घेत अर्धा तास बसा.

आधी सेटिंग, मग तपासणी

टीव्ही चालू झाला की थेट पिक्चर सेटिंगमध्ये जा. आपल्या भागात मेनू कन्नडमध्ये लावलेला असण्याचीही शक्यता असते. वाचता येत नसेल तर विकणाऱ्यालाच इंग्रजी करून द्यायला सांगा, अंदाजाने बटणं दाबत बसू नका. मेनूत Backlight (काही टीव्हींत Brightness) पूर्ण वाढवा आणि Energy Saving किंवा Eco नावाचं जे काही असेल ते बंद करा.

हे करण्यामागे कारण आहे. पट्टीतले एलईडी माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. एखादा मरायला टेकला असेल तर कमी उजेडावर तो तग धरतो, पूर्ण उजेडावर दहा-वीस मिनिटांत मान टाकतो. मग सर्किट सगळी माळच बंद करतं: आवाज येतो, चित्र गायब. काही जण हे लपवायला उजेड तीसवर आणून ठेवतात, तर काहींना बिचाऱ्यांना आपला टीव्ही इतका मंद का झाला हेच माहीत नसतं. कसंही असलं तरी उजेड पूर्ण करून अर्धा तास चालू ठेवायचा, आणि तेवढ्या वेळात बाकीचं बघून घ्यायचं.

पिक्सेल

पडद्यावरची धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसा. यात आळस केलात तर अर्ध्या धुळीला मेलेले पिक्सेल समजून बसाल.

आधी पांढरं चित्र लावा आणि फूटभर अंतरावरून डावीकडून उजवीकडे, वरून खाली असे हळूहळू पट्टे पाडत बघा. पांढऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा काळा, कडा तीक्ष्ण असलेला ठिपका दिसला तर तो मेलेला पिक्सेल. नंतर काळं चित्र लावा. त्यात लाल, हिरवा किंवा निळा ठिपका चमकत असेल तर तो अडकलेला पिक्सेल, म्हणजे त्याचा तो एक रंग बंदच होत नाही. लाल, हिरव्या आणि निळ्या चित्रांवर एकदा नजर फिरवली की उरलेलेही सापडतात. प्रत्येक पिक्सेलचे तीन भाग असतात आणि एकच भाग मेला असेल तर तो फक्त त्याच्या रंगात काळा दिसतो.

किती ठिपके चालतील? टीव्हीचा आकार आणि रिझोल्यूशन बघून ठरवा. 32 इंची एचडी रेडी टीव्हीच्या एका ओळीत 1366 पिक्सेल असतात, म्हणजे एक पिक्सेल साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. 43 इंची फोर-केमध्ये ओळीला 3840, म्हणून तो पाव मिलिमीटरचाच. फोर-केमधला एखादा मेलेला पिक्सेल सात-आठ फुटांवरून शोधूनही सापडत नाही, त्यासाठी चांगला टीव्ही सोडू नये. तोच एचडी रेडीच्या अगदी मधोमध असेल तर बातम्या वाचणाऱ्याच्या गालावर रोज तीळ दिसेल. एकटा पिक्सेल सहसा पसरत नाही. मात्र तीन-चार मेलेले पिक्सेल एकमेकांना लागून असतील, किंवा कडेला ओळीने असतील, तर पॅनेलला कुठेतरी दाब बसलाय असं समजा आणि उठा. शाई सांडल्यासारखा काळा-जांभळा डाग दिसला तर पुढची तपासणी करायचीच गरज नाही, आतली काच तडकली आहे.

"अडकलेला पिक्सेल व्हिडिओ लावून सुटतो" असं विकणारा म्हणेल. रंग भराभर बदलणारे तसले व्हिडिओ असतात आणि कधीकधी त्यांनी पिक्सेल सुटतोही. पण त्या भरवशावर एक रुपयाही जास्त देऊ नका. सुटत असेल तर त्यानेच सोडवून दाखवावा.

खानापूर, जांबोटी, चंदगडच्या बाजूला, जिथे पाऊस लागला की दोन-दोन महिने थांबत नाही, तिथल्या टीव्हीत एक गंमत दिसते. उजेडाला आलेलं बारीक चिलट पॅनेल आणि मागच्या पांढऱ्या शीटांच्या मध्ये शिरून तिथेच मरतं. लांबून ते मेलेल्या पिक्सेलसारखंच दिसतं. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा: पिक्सेल चौकोनी आणि रेखीव असतो, तर चिलटाच्या कडा पुसट असतात, आकार वेडावाकडा असतो, कधी चक्क पाय दिसतात. पडद्यावर बोटाने दाबून ते हलवायला जाऊ नका. तिथेच चिरडलं तर कायमचा डाग राहतो. पट्ट्या बदलायला टीव्ही उघडतात तेव्हा ते निघू शकतं, म्हणून हा भाव पाडायचा मुद्दा आहे, टीव्ही नाकारायचा नव्हे.

उभी किंवा आडवी रेघ दिसली तर टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. रेघ मेनूवरूनही जात असेल तर दोष पॅनेलचा किंवा त्याला चित्र पुरवणाऱ्या छोट्या बोर्डाचा. बाहेरून या दोघांतला फरक ओळखणं अवघड असतं, म्हणून तो टीव्ही घेऊच नका. मेनू स्वच्छ आणि रेघ फक्त मागच्या चित्रात असेल तर केबल किंवा सेट टॉप बॉक्सचा घोळ आहे.

मागचा उजेड

खरेदीदार सगळ्यात जास्त फसतात ते इथे. भरदिवसा, ट्यूबलाइटच्या उजेडात, चालू मालिकेवर हे दोष दिसतच नाहीत. शक्यतो दिवस मावळल्यावर जा. तसं जमत नसेल तर खिडक्या लावून, पडदे ओढून खोली अंधारी करायला सांगा.

पहिल्यांदा पांढरं चित्र. आता जवळून नाही, सहा-सात फुटांवरून, डोळे किंचित मिटून बघा. गोल, बशीएवढा, मधे प्रखर आणि कडेला विरत जाणारा पांढरा डाग दिसला तर एलईडीवरची प्लास्टिकची भिंग-टोपी गळून पडली आहे. गोंद सुकला की ती सुटते. एक पडली असेल तर तिच्याबरोबर चिकटवलेल्या बाकीच्याही त्याच वाटेवर असतात. उलट एखादा भाग पावसाळी ढगासारखा मंद दिसत असेल तर तिथला एलईडी गेला आहे. हे दोन्ही दोष पट्ट्यांचे आहेत, पॅनेलचे नव्हेत. खात्री करायची असेल तर रंग बदलून बघा: लाल, हिरवं, निळं काहीही लावलं तरी डाग त्याच जागी, तशाच पुसट कडांचा राहतो.

पांढरा रंग निळसर-जांभळा दिसतो का तेही बघा. एलईडी मुळात निळा असतो आणि वरच्या पिवळ्या लेपामुळे पांढरा दिसतो. उष्णतेने तो लेप खराब झाला की निळा उघडा पडतो. विकणारा म्हणेल, "सेटिंग बदलून जाईल." रंगाचं सेटिंग Warm करून बघा. सगळीकडे सारखी निळाई असेल तर थोडी कमी होईल, पण एक कोपरा निळा आणि दुसरा पांढरा असेल तर कुठल्याही सेटिंगने जुळणार नाही.

मग मधला करडा. यात उभे फिकट-गडद पट्टे किंवा मळकट ढग दिसतात का बघा. थोडे तर नव्या टीव्हीतही असतात. त्रास कधी होतो, तर क्रिकेट बघताना. चेंडूमागे कॅमेरा धावतो आणि हिरव्या मैदानावरून ते पट्टे सरकताना दिसतात. तुमच्या घरात मॅच कोणी बघतच नसेल तर सोडून द्या.

शेवटी काळं, आणि त्या पांढऱ्या ठिपक्याचं काम आता. पडदा पूर्ण काळा असेल तर बरेच टीव्ही बॅकलाइटच विझवतात किंवा अगदी मंद करतात, आणि सगळे दोष झाकले जातात. कोपऱ्यात थोडा पांढरा ठिपका असला की बहुतेक टीव्हींना दिवा चालू ठेवावाच लागतो. आता कोपऱ्यांतून आत येणारा उजेड दिसेल. गडद करडं चित्रही लावून बघा, त्यात तर काही लपतच नाही. कोपऱ्यात थोडी फिकट झाक असणं साहजिक आहे. पण टॉर्च मारल्यासारखा झोत आत येत असेल तर टीव्ही भिंतीवर वाकडा कसलेला असतो, किंवा कोणीतरी तो उघडून नीट बसवलेला नसतो. पाठीमागच्या स्क्रूंची डोकी बघा. त्यांवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे असतील तर "कधी उघडलाच नाही" हे खोटं.

हा उजेड फोनच्या फोटोवरून ठरवू नका. अंधारात कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो, त्यामुळे साधी झाकसुद्धा वणवा पेटल्यासारखी दिसते. डोळ्यांवर विश्वास ठेवा. आणि बरोबर समोर बसून बघा, कारण काही पॅनेलांत बाजूने पाहिलं की काळ्यावर पांढुरकी चमक येतेच, तो दोष नव्हे.

पोर्ट

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे वळीव येतो तो विजा घेऊनच. खांबावरून किंवा डिशवरून आलेली केबल सेट टॉप बॉक्सला, आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीला. त्या वाटेने आलेला झटका बऱ्याचदा टीव्ही मारत नाही, फक्त ज्या पोर्टला बॉक्स जोडला होता तेवढाच पोर्ट मारतो. मालक मग केबल दुसऱ्या पोर्टला लावून वर्षानुवर्षं टीव्ही बघतो आणि विकताना त्याच्या लक्षातही नसतं. म्हणून एक पोर्ट चालला म्हणून थांबू नका, सगळे बघा.

आधी टॉर्च लावून आत डोकवा. पिना सरळ आहेत का, हिरवट-पांढरी बुरशीसारखी गंजाची पूड आहे का. दमट भिंतीवर टांगलेल्या टीव्हीत ती सापडते, आणि पोर्टात असेल तर आत बोर्डावरही असणार. मग प्रत्येक एचडीएमआयला आपली केबल लावून, त्याचाच नंबर Source मध्ये निवडून, दोन-तीन मिनिटं हलणारं चित्र आवाजासह बघा. "No Signal" आलं तर केबल काढून पुन्हा लावा, लॅपटॉप बंद-चालू करा. तरीही येत नसेल आणि शेजारच्या पोर्टला येत असेल तर तो पोर्ट गेला. चित्र चालू असताना केबलचं टोक एका बोटाने, अगदी हलकेच डावी-उजवीकडे हलवा. चित्र तुटत असेल तर पोर्टचा टाका सुटला आहे. तो पुन्हा लावता येतो. विजेने मेलेल्या पोर्टसाठी मात्र बहुधा बोर्डच बदलावा लागतो.

एका पोर्टवर ARC लिहिलेलं असतं. पुढेमागे साउंडबार लावायचा असेल तर तोच चालू हवा. यूएसबी तर तुमच्या पेनड्राइव्हने तपासून झालाच, दुसरा असेल तर त्यातही लावा. इअरफोनच्या भोकात इअरफोन घालून दोन्ही कानांत आवाज येतो का बघा, आणि काढल्यावर टीव्हीचे स्पीकर परत बोलू लागतात का तेही बघा. तिथली स्प्रिंग अडकली असेल तर टीव्हीला वाटतं अजून इअरफोन लावलेलाच आहे, आणि तो मुका होतो. जुना डीव्हीडी किंवा साधा बॉक्स वापरणार असाल तरच पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचा इनपुट तपासा. वायफायसाठी फोनचा हॉटस्पॉट लावून एखादा व्हिडिओ चालवा. रिमोट चालत नसेल तर त्याचं टोक फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा: कॅमेऱ्यात दिवा लुकलुकला तर रिमोट ठीक आहे आणि टीव्हीचा डोळा गेला आहे, नाही लुकलुकला तर आधी सेल बदला.

एक सौदा, आकड्यांसकट

खानापूरहून शिकायला आलेल्या माझ्या भाच्याला खोलीसाठी टीव्ही हवा होता. अनगोळात एका बदली झालेल्या कुटुंबाकडे 43 इंची फोर-के, सांगितलेली किंमत 13 हजार. टीव्ही थंड होता, एका दमात चालू झाला. उजेड 40 वर होता तो शंभरवर नेला. उजव्या कडेपासून चार बोटांवर एक मेलेला पिक्सेल सापडला. फोर-के असल्यामुळे आणि कडेला असल्यामुळे तो सोडून दिला. गडद करड्यावर खालचा डावा कोपरा किंचित उजळ होता, पण पांढऱ्यावर ना गोल डाग, ना निळाई. दुसरा एचडीएमआय मेलेला, पहिला आणि ARC वाला तिसरा चालू. अर्ध्या तासाने पुन्हा पांढरं आणि काळं लावलं, काही बदललं नव्हतं.

म्हणजे पॅनेल जवळजवळ निर्दोष, पट्ट्या धडधाकट, बोर्डावरचा एक पोर्ट गेलेला. पोराला एक पोर्ट लॅपटॉपला आणि एक सेट टॉप बॉक्सला पुरे होता, म्हणून बोर्ड बदलायचा प्रश्नच नव्हता. पण विजेचा झटका खाल्लेला बोर्ड पुढे कधीतरी दगा देऊ शकतो, म्हणून मेकॅनिकने सांगितलेल्या बोर्डाच्या किमतीच्या निम्मे कमी करा, असं घरमालकांना सांगितलं. त्यांना मेलेला पोर्ट आम्ही दाखवेपर्यंत माहीतच नव्हता. शेजारच्या मावशींनी "स्वल्प कम्मी माडी" म्हणत आमची बाजू घेतली, आणि साडेदहा हजारांवर मिटलं. हाच दोष एखाद्या उभ्या रेघेचा असता तर पाच हजारांनासुद्धा घेतला नसता.

पैसे द्यायच्या आधी त्यांच्याकडूनच त्यांचं गूगल खातं काढून टीव्ही फॅक्टरी रीसेट करून घ्या. बिल असेल तर मागून घ्या, नसेल तर साध्या कागदावर मॉडेल नंबर, सीरियल नंबर, रक्कम आणि तारीख लिहून सही घ्या. स्टँडचे पाय आणि त्यांचे स्क्रूही आठवणीने उचला, भिंतीवर टांगलेल्या टीव्हीचे पाय बहुधा माळ्यावर पडलेले असतात.

नेताना टीव्ही उभाच ठेवायचा. आडवा ठेवला की रस्त्यातला प्रत्येक खड्डा पॅनेलच्या मधोमध बसतो, आणि आपल्याकडे खड्ड्यांना तोटा नाही. गाडीच्या मागच्या सीटवर, पडदा सीटच्या पाठीकडे करून, मध्ये एक जाड गोधडी. दोन्ही हातांनी कडा धरून उचला, पडद्यावर तळहात नको. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरून न्यायचा विचार असेल तर रिक्षाचे पैसे आधीच हिशोबात धरा.